शकूआत्यास पत्र : ढगातल्या पांडुरंगाच्या फोटोबद्दल

फलटण, रविवार

ती. शकूआत्यास,
बाळूचा शि. सा. नमस्कार.

तू पाठवलेला दिवे घाटाचा फोटो पाहिला. "तू फोटोवाला आहेस, तूच सांग, खरा आहे ना रे?" असं तू फोनवर विचारलंस तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. शिवाय असलं अर्धवट सांगण्यात अर्थ नसतो, म्हणून लिहितोय. मोतीबिंदूनंतर मोबाइलवरची बारीक अक्षरं तुला त्रास देतात. हे पत्र मोठ्या टायपात काढलंय आणि सोबत त्याच फोटोची बारा बाय अठराची प्रिंट आहे. ती समोर ठेव, मग पुढचं वाच.

विठ्ठलाबद्दल मी काहीच म्हणत नाहीये, हे आधी सांगतो. तो तुझा आणि त्याचा मामला, मी त्यात पडणारा कोण? मी बोलतोय ते फक्त या कागदाबद्दल. त्या दिवशी घाटात कुणीतरी कॅमेरा वर केला आणि समोर हे होतं म्हणून टिपलं गेलं, असं झालं का? मला नाही वाटत. हे चित्र संगणकाकडून बनवून घेतलेलं असावं. शंभर टक्के लिहून देत नाही, कारण मूळ फाइल माझ्याकडे नाही. व्हॉट्सॲपवरून फोटो फिरला की त्याच्या पोटातली तारीख, वेळ, कॅमेऱ्याची माहिती निघून जाते. पण बघण्यासारखं बरंच आहे, आणि ते माझ्यापेक्षा तुलाच जास्त कळेल.

प्रिंटवर मी पेन्सिलने गोल केलेत. पहिला गोल पायाशी आहे. पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहून तू किती वेळा ते पाय धरलेस. मग सांग, वीट कुठे आहे? इथे देव कमळावर उभा आहे. आता वर बघ. पंढरीच्या मूर्तीला ती उंच टोपी, कानांत मकरकुंडलं, एका हातात शंख, दुसऱ्यात कमळाचा देठ. या चित्रात टोपीच्या जागी टोकदार सोनेरी मुकुट, त्यात मोरपीस, आणि कमरेला बासरीसारखं काहीतरी खोचलेलं. हात कटीवर आहेत, तेवढंच काय ते आपलं. बाकी सगळा कॅलेंडरवरचा कृष्ण.

दुसरा गोल माउलींच्या रथाला. गुडघे साथ देत होते तोवर तू हा घाट पायी चढलेली आहेस. रथाला बैल असतात, आणि दिवे घाटाच्या चढाला जादा बैलजोड्या लावतात, हे तूच मला लहानपणी सांगितलंस. इथे रथ ओढतायत चार पांढरे घोडे. माउलींचा अश्व पुढे चालतो, रथाला जुंपलेला नसतो. वारी एकदा जरी पाहिली असेल तरी माणूस ही चूक करणार नाही.

तिसरा गोल पताकांना. लांबून वाटतं 'ज्ञानोबा तुकाराम' लिहिलंय. जवळून बघ. काना आहे, मात्रा आहे, वर रेघसुद्धा ओढलेली आहे, पण वाचायला गेलं तर एक अक्षर लागत नाही. चौथा गोल डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईचा. तिचा डावा हात वृंदावनात शिरलाय आणि उजवा हात कुणाचा आहे ते पांडुरंगालाच ठाऊक! मोबाइलवर बोटभर चित्रात यातलं काहीच दिसत नाही, म्हणून तर प्रिंट काढली.

असं का होतं? या संगणकाला कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्याखालचा मजकूर दाखवून शिकवलेलं असतं. आपण एक ओळ लिहायची: 'डोंगरातून जाणारी दिंडी, वर ढगांत विठ्ठल, सोनेरी प्रकाश'. तो नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतो आणि त्या शब्दांशी जुळेल असं चित्र टप्प्याटप्प्याने काढत नेतो. त्याला वीट म्हणजे काय, पुंडलिकाने ती का फेकली, हे माहीत नसतं. 'असं चित्र साधारण असं दिसतं' एवढंच येतं. त्याने कृष्णाची चित्रं भरपूर पाहिली असणार, पंढरीच्या मूर्तीची त्यामानाने थोडी, म्हणून ही सरमिसळ. तुझा विश्वास बसावा म्हणून दुसरी छोटी प्रिंट जोडली आहे. आपल्या गावातलं मारुतीचं देऊळ, मागे बर्फाचे डोंगर आणि पारावर मोर. मी दुकानात बसून एक ओळ लिहिली आणि चहा निवायच्या आत हे तयार झालं. आपल्या गावाला बर्फ कुठला!

मात्र एक सांगून ठेवतो. या चुका दिवसेंदिवस कमी होतायत. अक्षरं आता बरीच नीट येतात, बोटंही. उद्या विटेवरचा विठ्ठल आणि बैलांचा रथ असलेलं चित्र येईल आणि मलाही काही सापडणार नाही. म्हणून चूक शोधण्यापेक्षा दुसरा प्रश्न जास्त कामाचा: हा काढला कुणी, आणि इतर कुणाकडे आहे का? दिवे घाटात पालखी चढते तेव्हा लाखो माणसं असतात आणि बहुतेकांच्या हातात मोबाइल. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर असतात, चॅनेलवाले असतात, ड्रोन असतात. आकाशात एवढं काही दिसलं असतं तर निरनिराळ्या बाजूंनी काढलेले हजारो फोटो निघाले असते. इथे एकच फोटो, एकाच कोपऱ्यातून, आणि काढणाऱ्याचं नाव नाही. फोटोच्या वर दोन बाणांची खूण आहे बघ. ती आली म्हणजे फोटो बऱ्याच हातांतून फिरून आलाय, पाठवणाऱ्याने स्वतः काढलेला नाही.

तुला १९९५ आठवतं? २१ सप्टेंबर, गणपती दूध प्यायला तो दिवस. तू आणि आई वाटी-चमचा घेऊन रांगेत, मी तुमच्या मागे. चमच्यातलं दूध खरंच कमी होत होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. नंतर शास्त्रज्ञांनी रंग घातलेलं दूध लावून दाखवलं, की पृष्ठताणामुळे ते मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ थराने अंगावरून खाली उतरतं. तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं, अर्थ वेगळा निघाला. आताच्या फोटोचं तसं नाही. इथे घाटात उभं राहून कुणी काही पाहिलंच नसावं. म्हणून 'डोळ्यांनी पाहिलं ना' हे आता फोटोला लागू करता येत नाही, आणि यात तुझ्या डोळ्यांचा काही दोष नाही. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा एक व्हिडिओ फिरत होता. हुबेहूब तोच, आवाजही त्याचाच वाटावा, आणि कुठल्याशा पैशांच्या गेमची जाहिरात. शेवटी तो खोटा आहे हे सचिनला स्वतः जाहीर सांगावं लागलं. तरण्याताठ्यांनाही ओळखता येत नाही ते. तेव्हा नितीन जेवताना तुला हसला असेल तर त्याचं मनावर घेऊ नकोस. मी त्याला वेगळा बोललोय.

चित्र आवडलं असेल तर ठेव ना. आपल्या देवघरातली लक्ष्मी तरी काय? राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देव घराघरांत छापील चित्रांतून आले. आजीने त्या लक्ष्मीला जन्मभर हळदकुंकू वाहिलं, आणि हा लक्ष्मीचा फोटो काढलाय असं कधी म्हणाली नाही. चित्र ते चित्र. माझी तक्रार आहे ती 'चमत्कार! कॅमेऱ्यात कैद!' या मथळ्याबद्दल आणि खालच्या दोन ओळींबद्दल.

त्यातली पहिली ओळ: 'अकरा जणांना पाठवा, दुर्लक्ष केल्यास अनर्थ.' संतोषीमातेची पोस्टकार्डं यायची तसलंच हे. तेव्हा निदान कार्डाला पैसे पडायचे, माणूस दोनदा विचार करायचा. पुढे न पाठवल्याने काही होत नाही. तुकोबांचा 'कपट काही एक' हा अभंग तू भजनात म्हणतेस, त्यात ते स्वतःच म्हणतात ना, लोकांना भुलवायचं मला कळत नाही, झटपट चमत्कार दाखवता येत नाहीत. मग त्यांच्या वारीत धाक दाखवून भक्ती कोण करून घेतंय?

दुसरी ओळ अन्नदानाची, खाली तो चौकोनी कोड. तू ५०१ पाठवू का म्हणत होतीस. पाठवू नकोस. कुठल्या संस्थेचं नाव नाही, पत्ता नाही, पावती नाही. द्यायचेच असतील तर पंढरपूरला मंदिर समितीच्या कार्यालयात देऊन पावती घे, नाहीतर कार्तिकीला मी जाईन तेव्हा तुझ्या नावाने देतो. आणि तुझ्या मंडळातल्या कुणाचे पैसे आधीच गेले असतील तर लाजत बसू नका म्हणावं. १९३० या नंबरला लगेच फोन करायचा, जितका लवकर तितकं बरं.

आता तुझी खरी अडचण. फोटो भजनी मंडळाच्या ग्रुपवर माईंनी टाकला, तूही पुढे पाठवलास, आता काय बोलायचं? ग्रुपवर 'हे खोटं आहे' असं लिहू नकोस. माई वयाने मोठ्या, चारचौघींत त्यांना कमीपणा वाटेल आणि मग बोलणं देवाधर्मावर जाईल. आधी त्यांना फोन कर. इकडचं तिकडचं बोलून झालं की म्हण, "माई, त्या फोटोत वीट दिसली का हो तुम्हाला? मला काही दिसेना." बस. उत्तर त्यांनाच देऊ दे. त्या म्हणाल्या, "देवाला काय अशक्य?" तर हो म्हण. देवाला अशक्य नसेल, पण फोटो बनवणं माणसालाही आता अशक्य राहिलेलं नाही. वाद घालायला जाऊ नकोस. पैशांचं तेवढं मात्र स्पष्ट सांग, तिथे भीड नको.

मग ग्रुपवर टाकायला हे घे, हवं तर असंच उतरवून काढ:

'राम कृष्ण हरी. मी पाठवलेलं दिवे घाटाचं चित्र सुंदर आहे, पण तो फोटो नसून संगणकावर बनवलेलं चित्र असावं, असं माझ्या फोटोग्राफर भाच्याने दाखवून दिलं. विठुराया विटेवर नाही, रथाला बैल नाहीत. दर्शन म्हणून बघावं, पण चमत्कार म्हणून पुढे पाठवू नये आणि खालच्या कोडवर पैसे भरू नयेत ही विनंती. सोमवारी भजनाला मोठी प्रिंट आणते, सगळ्यांनी बघा.'

प्रिंट खरंच ने. बायका चुका शोधायला बसल्या तर मी न पाहिलेलंही काहीतरी काढतील, खात्री आहे माझी. सापडलं की मला कळव.

काकांना नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग, नितीनबरोबर पाठवतो.

तुझा,
बाळू

ता. क. : फोन भरलाय म्हणतेस ते या आलेल्या फोटोंमुळेच. व्हॉट्सॲपवर फोटो आपोआप उतरवून घेणं बंद करता येतं. नितीनला सांगितलंय, तो करून देईल. वारीतले तुझे स्वतःचे फोटो आधी वेगळे काढून ठेवायला लाव त्याला, नाहीतर साफसफाईत तेच जायचे.