भवानी

जुन्या बाजारात रविवारी जागा सकाळीच धरावी लागते. त्या दिवशी मला उशीर झाला. नळ, कुलपं, पितळी कंदील घाईघाईत मांडले आणि रुपयांचा डबा न बघताच ताडपत्रीवर उपडा केला. एका वाड्याच्या सामानात आलेला डबा. पंचम जॉर्जचे असतील म्हटलं, ते ढिगाने येतात.

पहिलंच गिऱ्हाईक. इस्त्रीचा शर्ट, पन्नाशीचा माणूस. थोडा वेळ उकिडवा बसला, मग एकच रुपया उचलला.

"कितीला?"

"सतराशे."

"मामा, जरा माणसात या."

घासाघीस होऊन चौदाशेला तुटलं. नोटा घेतल्या, कपाळाला लावल्या, खिशात टाकल्या. पण गडी हलेना.

"वजन करून दाखवा. ११.६६ ग्रॅम पाहिजे. कमी भरला तर पन्नास परत."

चौदाशेच्या व्यवहारात पन्नासासाठी असा अडून बसणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला. छोटा काटा काढला. रुपया ठेवला तो सालाची बाजू वर करून. ११.५८.

आणि मग साल वाचलं. १९३९.

माझ्या शेजारी पूर्वी एक म्हातारबाबा बसायचे, नाण्यांतले. ते म्हणायचे, "अडतीसचा रुपया पोत्याने मिळेल. एकोणचाळीसचा दिसला की पथारी गुंडाळ आणि घरी जा." १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. पूर्ण चांदीचा शेवटचा तो हा, आणि सापडतच नाही. म्हणून तर आठावर कानस फिरवून नऊ करणारे कारागीर आहेत. मी भिंग लावलं. मनातून वाटत होतं, खोटाच निघू दे. नऊच्या पोटाखाली ओरखडा नाही, खरवड नाही. शेपटी इतर आकड्यांइतकीच झिजलेली.

"कमी भरला ना?" तो म्हणाला. हात काट्याच्या अगदी जवळ आला होता, बोटं थरथरत होती. बाकीच्या एकाही रुपयाला त्याने हात लावला नव्हता, हे मला आत्ता कळलं.

'बायकोने नको म्हटलंय, विकायचा नाही' असं म्हणता आलं असतं. लोक म्हणतात. पण भवानीचे पैसे खिशात होते, आणि चौदाशे मीच म्हटलं होतं.

पन्नासची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. रुपया एका कागदात गुंडाळला, नीट, दोन घड्या घालून.

"साहेब, किल्ल्यांच्या खिशात नका टाकू," म्हटलं. "नऊवर चरा पडला तर लोक अडतीसचा समजतील."

त्याचा चेहरा उतरला. कागद मुठीत घट्ट धरून तो तसाच उभा राहिला, मग पन्नासची नोट हळूच माझ्या कंदिलाखाली सरकवून गर्दीत शिरला.

मी डब्यातले उरलेले रुपये एकेक करून उलटायला घेतले. १९१२, १९१७, १९१८, १९१८.