अंतर्गत समितीच्या निष्कर्षांचा सुधारित सारांश

गोपनीय : फक्त तक्रारदार, प्रतिवादी आणि व्यवस्थापनासाठी
आस्थापना : फौंड्री, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर
तक्रार दाखल : 4 ऑगस्ट 2025. चौकशी पूर्ण : 17 ऑक्टोबर 2025. अहवाल : 24 ऑक्टोबर 2025.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार निष्कर्षांचा मसुदा दोन्ही पक्षांना दिला होता. त्यातल्या भाषेला दोघांनीही हरकत घेतली. तक्रारदारांना ‘अतिसंवेदनशील’ आणि प्रतिवादींना ‘विकृत मनोवृत्ती’ हे शब्द खटकले. दोन्ही हरकती रास्त आहेत. कोणाच्या स्वभावावर शेरा मारणे समितीचे काम नाही, म्हणून तो मसुदा रद्द समजावा. निष्कर्ष तेच आहेत. मांडणी पुराव्याला धरून नव्याने केली आहे. याच अधिनियमातील कलम 16 मुळे कोणाचेही नाव दिलेले नाही.

सुनावण्या कारखान्यात न घेता राजारामपुरीत बाह्य सदस्यांच्या कार्यालयात घेतल्या. गणपतीमुळे एक तारीख पुढे गेली. दोघांचे जबाब स्वतंत्र झाले आणि दोघांना एकमेकांच्या साक्षीदारांना लेखी प्रश्न विचारता आले. निर्णयासाठी, कोणती गोष्ट घडली असण्याची शक्यता अधिक, ही दिवाणी कसोटी लावली.

मुद्दा 1 : रात्रीचे व्हॉट्सॲप संदेश.
9 मे ते 14 जुलै या काळातले प्रतिवादींचे 23 संदेश दोघांच्या मोबाइलवर तपासले. ते जुळतात (परिशिष्ट क). त्यातले 9 हीट नंबर, डिस्पॅच अशा कामाचे आहेत. उरलेल्या 14 चा कामाशी संबंध नाही आणि त्यातले बहुतेक रात्री साडेदहानंतरचे आहेत. 21 मे रोजी रात्री 11.40 ला ‘झोपलात का? फोटोत साडी छान दिसत होती’ असा संदेश आहे. त्यावर तक्रारदारांचे उत्तर : ‘सर, कामाचं उद्या ऑफिसात बोलू.’ त्यानंतरही असे 8 संदेश आले. संदेश आपणच पाठवले हे प्रतिवादींनी पहिल्याच जबाबात मान्य केले. हेतू मैत्रीचा होता, असे त्यांचे म्हणणे आहे. समितीने ते नोंदवले. मात्र उत्तरातला नकार स्पष्ट असताना संदेश चालू राहिले, हे हेतूच्या खुलाशाने बदलत नाही. आरोप सिद्ध.

मुद्दा 2 : 27 जूनला स्टोअरमध्ये खांद्याला स्पर्श.
सायंकाळी 6.10 च्या सुमारास दोघे आत गेल्याची नोंद रजिस्टरमध्ये आहे (परिशिष्ट घ). कॅमेरा फक्त दारावर आहे आणि तक्रार येईपर्यंत 15 दिवसांनी पुसले जाणारे चित्रण उरले नव्हते. साक्षीदार क्र. 2 ने तक्रारदारांना ‘गप्प गप्प’ बाहेर येताना पाहिले. आत काय झाले ते पाहिले नाही. प्रतिवादी स्पर्श नाकारतात. दोघांचेही जबाब प्रश्नोत्तरात बदलले नाहीत. या पुराव्यावर आरोप सिद्ध होत नाही. याचा अर्थ तक्रार खोटी होती असा नाही. पुरावा अपुरा पडणे म्हणजे खोटेपणा नव्हे, हे कलम 14 मध्येच म्हटले आहे. प्रतिवादींनी हे केले, असेही यापुढे कोणी म्हणू नये.

मुद्दा 3 : अप्रेझलवरून दबाव.
नकारामुळे कमी ग्रेड मिळाली, असे तक्रारदारांचे म्हणणे आहे. ग्रेड 12 जूनला सिस्टीममध्ये भरली गेली आणि त्याच विभागातल्या आणखी दोघांना तीच ग्रेड आहे (परिशिष्ट च). त्या दोघांचा या प्रकरणाशी संबंध नाही. त्यामुळे ग्रेड सूडाने दिली, हे दिसत नाही. पण 3 जुलैचा ‘अप्रेझल माझ्याच हातात आहे, लक्षात ठेवा’ हा संदेश रात्री 10.52 चा आहे, आणि त्याच्या आधीचा संदेश एकत्र चहाला येण्याविषयीचा आहे. ‘गंमत केली’ हा खुलासा या क्रमात पटत नाही. नोकरीच्या भवितव्याविषयी गर्भित धमकी कलम 3 मध्ये येते. आरोप अंशतः सिद्ध.

शिफारशी ठरवताना प्रतिवादींची 11 वर्षांची निष्कलंक सेवा आणि चौकशीतले सहकार्य विचारात घेतले. तक्रारदारांच्या लेखी विनंतीवरून चौकशीकाळात त्यांना दुसऱ्या प्रमुखांच्या हाताखाली काम दिले होते. तीच व्यवस्था कायम करावी, पगार व ज्येष्ठतेला धक्का न लावता. प्रतिवादींनी लेखी माफी मागावी, समुपदेशन घ्यावे. त्यांची एक वार्षिक वेतनवाढ रोखावी. तक्रारदारांच्या अप्रेझलचे फेरमूल्यांकन दुसऱ्या अधिकाऱ्याने करावे. स्टोअरमधले चित्रण किमान 90 दिवस ठेवावे. ते असते तर मुद्दा 2 दोघांसाठीही असा अधांतरी राहिला नसता.

व्यवस्थापनाने अहवाल मिळाल्यापासून 60 दिवसांत कार्यवाही करावी. शिफारशी मान्य नसल्यास कोणत्याही पक्षाला कलम 18 नुसार 90 दिवसांत अपील करता येईल. परिशिष्टांच्या प्रती दोघांना सीलबंद दिल्या आहेत.

पीठासीन अधिकारी, अंतर्गत समिती