प्रसादच्या आभारपत्राची काटछाट

प्रसाद,

तुझं पत्र वाचलं. मनापासून लिहिलंयस, पण शंभराच्या घरात शब्द झालेत. फौंड्रीचा वर्क्स मॅनेजर हे शॉपमध्ये उभ्या-उभ्या मोबाईलवर वाचणार. आधी तुझाच मसुदा खाली ठेवते, मग कात्री.

«आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार. सर्वप्रथम, आपण आपल्या अत्यंत व्यस्त दिनक्रमातून अमूल्य वेळ काढून मला मुलाखतीची सुवर्णसंधी दिलीत त्याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे व सदैव ऋणी राहीन. मी खानापूरचा रहिवासी असून मेकॅनिकल डिप्लोमा पूर्ण केला आहे. सँड टेस्टिंगचा दोन वर्षांचा अनुभव आहे. मेहनती, प्रामाणिक व वक्तशीर आहे. काल आपण ब्लोहोलबद्दल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला नीट देता आले नाही त्याबद्दल क्षमस्व, मी थोडा घाबरलो होतो. आपण स्वतः मोल्डिंग लाईन दाखवलीत ते फार आवडले. पगाराबाबत आपण योग्य तो विचार करालच. उद्यमबागला रोज खानापूरहून येऊ शकतो. आपल्या सकारात्मक उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहे. कळावे, लोभ असावा. आपला नम्र, प्रसाद»

‘अमूल्य वेळ’, ‘सुवर्णसंधी’, ‘सदैव ऋणी’ हे सत्कार समारंभातलं बोलणं झालं. ते कुणालाही लिहिता येतं, म्हणून त्यात ऊब राहत नाही. ऊब आहे ती तू खाली दडवलेल्या ओळीत: त्यांनी स्वतः मोल्डिंग लाईन दाखवली. ती उचलून पहिली घेतली. आणि प्रत्यक्ष बोलताना तू ‘तुम्ही’ म्हणाला असशील, मग पत्रातच ‘आपण’ कशाला? ‘सर’ आणि ‘तुम्ही’त आदर पुरेसा आहे.

डिप्लोमा, अनुभव, खानापूर हे सगळं बायोडाटात आहे. बेळगावचं उद्यमबाग खानापूर रोडवरच आहे, हे त्यांना तू सांगायला नको. ‘मेहनती, प्रामाणिक’ तर कोण लिहीत नाही? सगळं काढलं.

पगाराची ओळ मात्र नुसती जादा नव्हे, घातक आहे. आभार मानता मानता हात पुढे केल्यासारखं दिसतं. तो विषय ते काढतील तेव्हा बोल.

खरी मेहनत ब्लोहोलवर घेतली. ‘घाबरलो होतो, क्षमस्व’ वाचून त्यांच्या लक्षात काय राहणार? तू अडखळलास तेच. त्याऐवजी राहिलेलं उत्तर एका वाक्यात दे. वाळूत ओलावा जास्त असला की वाफ होते, हे तू सांगितलंस ते बरोबरच. पण कोअरमधून निघणाऱ्या गॅसला वाट नसली तरी धातूत पोकळी राहते, ते सुटलं. एवढंच जोड. परमिएबिलिटी, बाइंडर, बेकिंग असं सगळं घालू नकोस, नाहीतर परीक्षेचा पेपर होतो.

आता हे पाठव:



«नमस्कार सर,
काल मुलाखत संपल्यावर तुम्ही स्वतः मोल्डिंग लाईन फिरून दाखवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. व्हॉल्व्ह बॉडीतल्या ब्लोहोलचं कारण म्हणून मी वाळूतला ओलावा एवढंच सांगितलं. कोअरचा व्हेंट बुजला असला तरी गॅस अडकून तसंच होतं, तेही तपासायला हवं. तुमच्या शॉपमध्ये काम करायला आवडेल.
प्रसाद»

42 शब्द. याहून कमी करत बसू नकोस. ब्लोहोलचं वाक्य काढलं तर पंधरा-वीस शब्द उरतील खरे, पण मग ते तुझं पत्र राहणार नाही. ‘वाट पाहत आहे’ मुद्दाम ठेवलं नाही. ‘आवडेल’ म्हटलं की इच्छा कळते आणि उत्तराची घाई होत नाही.

मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलवर आलं त्यालाच रिप्लाय कर, म्हणजे तुझा नंबर, बायोडाटा सगळं त्याच साखळीत सापडतं. आज संध्याकाळी पाचच्या आत जाऊ दे. बायोडाटा परत जोडू नकोस.

ऑफिसातल्या मॅडमना त्याच पत्राची कॉपी नको. त्या कन्नडमध्येच बोलत होत्या, पण तुझं मराठी त्यांना कळलं म्हणतोस. तेव्हा त्यांना वेगळं, व्हॉट्सॲपवर, एवढंच:

«नमस्कार मॅडम, तारीख पुढे ढकलून दिलीत म्हणून मला येता आलं. धन्यवादगळु. – प्रसाद, क्वालिटी इन्स्पेक्टरच्या मुलाखतीला आलो होतो.»

हात जोडलेली खूण एक चालेल, तीन नकोत.

सुजाताताई