साइटबाहेर बोलू या, पण नंबर आत्ताच नको

नमस्कार अनिकेत,

व्हॉट्सॲप नंबर मागितलात, त्याला दोन दिवस उत्तर दिलं नाही. टाळत नव्हते. साइटवरच्या या चॅटचा मलाही कंटाळा आलाय. एक ओळ लिहायची आणि समोरच्याने लॉगिन करण्याची वाट बघायची. त्यात माझं सबस्क्रिप्शन महिनाअखेरीस संपतंय आणि पुन्हा पैसे भरायची अजिबात इच्छा नाही. तेव्हा इथून बाहेर पडून बोलू या, नक्की. फक्त मोबाइल नंबर आत्ताच देत नाही.

कारण सांगते, म्हणजे गैरसमज नको. माझा नंबर एकच आहे आणि तोच क्लिनिकच्या पाटीवर आहे. गुगलवर टाकला की क्लिनिकचा पत्ता आणि वेळा समोर येतात. संध्याकाळी शेवटच्या पेशंटनंतर शटर ओढायला मी एकटीच असते. तोच नंबर यूपीआयवर टाकला तर बँकेतलं पूर्ण नाव दिसतं. प्रोफाइलवर मी मुद्दाम 'फिजिओथेरपिस्ट, नाशिक' एवढंच ठेवलंय, ते मग कशाला? मागे एका स्थळाच्या वेळी बायोडेटा कुठल्या कुठल्या वधू-वर ग्रुपवर फिरला आणि महिनाभर अनोळखी लोकांचे 'हाय' येत राहिले. तुम्ही तसे आहात असं मुळीच म्हणत नाही. पण नंबर एकदा दिला की परत घेता येत नाही.

म्हणून सुचवते, सिग्नलवर बोलू या. खातं उघडायला नंबर लागतो, पण समोरच्याला तो द्यावा लागत नाही. युजरनेमवर काम होतं. तुम्ही हो म्हणालात की माझं युजरनेम इथेच, या चॅटमध्ये पाठवते. दुसऱ्या कुठल्या नंबरवरून किंवा ॲपवरून कुणी 'मी सायली' म्हणून मेसेज केला तर ती मी नाही, असंच समजा. पैसे मागितले तर नक्कीच नाही!

तुमचाही नंबर मला नकोय, निदान आत्ता. ॲप टाकल्यावर Settings > Privacy > Phone Number मध्ये जाऊन Who can see my number आणि Who can find me by my number, दोन्हीकडे Nobody करा. मी तसंच केलंय. कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागेल, ती नाही दिली तरी चालतं. उद्या आपलं जुळलं नाही तर ब्लॉक करून थांबता येतं आणि कुणाचाही नंबर दुसऱ्याकडे राहत नाही. नुसतं युजरनेम बदलून मात्र आधीची चॅट बंद होत नाही.

पहिल्यांदा लिहिण्याऐवजी थेट व्हिडिओ कॉल करू या का? दहा मिनिटं पुरे. फोटोतला माणूस तोच आहे ना, हे तुम्हालाही बघायचं असेलच. बाजूच्या खोलीत माझी ताई असेल, हे आधीच सांगून ठेवते. आपण बोलतोय हे आई-बाबांनाही माहीत आहे, त्यामुळे लपवाछपवी काही नाही. तुमच्या घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, फक्त आपल्या गप्पांचे स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर नकोत. मीही टाकणार नाही. मेसेज आठवड्याने आपोआप पुसले जातील असं सेटिंग मी लावणार आहे. स्क्रीनशॉट त्याने थांबत नाहीत, ठाऊक आहे. तिथे तुमच्या शब्दावर विश्वास ठेवते.

एका कॉलसाठी नवं ॲप टाकायचा वैताग वाटत असेल तर गूगल मीटची लिंक पाठवते. स्थळांसाठी वेगळा ईमेल केलाय, त्यावरून. तुम्हीही रोजचा ऑफिसचा ईमेल वापरू नका, नाहीतर कंपनीचं नाव माझ्याकडे आपसूक येईल. आणि यातलं काहीच नको असेल तर महिनाअखेरपर्यंत मी इथे आहेच, इथेच लिहा. मला राग येणार नाही.

नंबर कधीच देणार नाही असं नाही. पुढे घरच्यांसोबत भेटायचं ठरलं, तर बाबा तुमच्या वडिलांशी फोनवर बोलतील. तेव्हा बाबांचा नंबर मिळेल आणि प्रत्यक्ष भेट झाली की माझाही देईन.

शनिवारी रात्री नऊनंतर किंवा रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मला जमेल. रविवारी दुपारनंतर पाहुणे आहेत, तेव्हा नको. तुमची वेळ कळवा, मग युजरनेम पाठवते. हरिहरच्या पायऱ्या उतरताना जास्त भीती वाटते का, हे विचारलं होतंत ना? वाटते. कशी ते बोलण्यात सांगते, टाइप करत बसले तर हा मेसेज आणखी लांबेल.

सायली