पॅटर्न मास्टर (ग्रेडिंग व मार्कर) पदासाठी अर्ज

दि. ७ जुलै २०२५
फलटण, जि. सातारा

प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक,
निर्यात वस्त्र विभाग,
एमआयडीसी, बारामती, जि. पुणे

विषय: पॅटर्न मास्टर पदासाठी अर्ज. ग्रेडिंग व मार्करचा १९ वर्षांचा अनुभव.

मा. महोदय,

आपल्या युनिटच्या गेटवर ‘पॅटर्न मास्टर पाहिजे, शर्ट व लेडीज टॉप, कॅड येणारा’ असा फलक लागला आहे. त्या जागेसाठी हा अर्ज करत आहे.

मी आयटीआयमधून कटिंग व शिवणकाम केले. त्यानंतर मुंबईत अंधेरी व गोरेगाव भागातील निर्यात कारखान्यांत काम केले. सुरुवातीची वर्षे खाकी कागद, पट्टी आणि कात्रीवर गेली, पुढची गर्बर ॲक्युमार्क आणि लेक्ट्रावर. कंपन्यांची नावे, कालावधी व सोडल्याचे दाखले बायोडेटाला जोडले आहेत. वडिलांच्या तब्येतीमुळे गेल्या वर्षी गावी परतलो. सध्या फलटणजवळ एका लहान युनिटमध्ये शाळेच्या गणवेशाचे कटिंग पाहतो. काम स्थिर आहे, पण त्यात बायर नाही, टेक पॅक नाही, साइज सेटही नाही. हाताची सवय मोडू नये म्हणून हा अर्ज.

मी नेमके काय करतो ते आधी सांगतो. पॅटर्न एकाने काढायचा, ग्रेडिंग दुसऱ्याने करायचे आणि मार्कर तिसऱ्याने लावायचा, अशी कामाची वाटणी बहुतेक कारखान्यांत असते. कागदावर ती बरी दिसते. पण नॉच एका खात्यात हलतो आणि त्याचा पत्ता लाइनवर कॉलर बसत नाही तेव्हा लागतो. मला हे तिन्ही टप्पे एकाच हाताने केलेले आवडतात. निदान तिन्हींची शेवटची तपासणी एकाने करावी. आपल्याकडे खाती वेगळी असली तरी हरकत नाही, फक्त पॅटर्न मार्करला जाण्याआधी साइजवार चालवून बघण्याची जबाबदारी माझ्याकडे द्यावी, एवढी विनंती.

ग्रेडिंगबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझे मुख्य काम तेच आहे.

बायरच्या स्पेक शीटवरचे फरक रूल टेबलात भरले की सगळ्या साइज पडद्यावर एकावर एक छान दिसतात. तेवढ्यावर माझे समाधान होत नाही. शर्टाच्या बाहीची गोलाई आर्महोलच्या कडेने प्रत्येक साइजला चालवतो, नुसती बेस साइजला नाही. एका साइजमागे एक सूत जास्त वाढले, तर एमला बरोबर बसणारी बाही एक्सएलला दोन सूत आणि थ्रीएक्सएलला अर्धा इंच मोठी होते. मर्दानी शर्टाला फेल शिवण असेल तर एवढा लूज कुठे जिरवणार? चुणी पडते, क्यूसी माल बाजूला काढते आणि दोष मशीनवरच्या ताईंच्या माथी येतो. म्हणून कॉलर बँड आणि गळा, योक आणि पाठ, कफ आणि बाहीचे तोंड या जोड्या प्रत्येक साइजला मोजून तक्ता करतो आणि तो फाइलबरोबर ठेवतो.

टूएक्सएलच्या पुढे सरळ रेषेत ग्रेडिंग करणे मला पटत नाही. छाती वाढते तसा खांदा वाढत नाही. तो तसाच वाढवला तर खांद्याची शिवण दंडावर उतरते. बायरने मोठ्या साइजचे वेगळे फरक दिले असतील तर ते पाळतो. दिले नसतील तर टूएक्सएलला दुसरा बेस धरून त्याचे फिट सॅम्पल मर्चंडायझरमार्फत मंजूर करून घेण्याचा आग्रह धरतो. एक सॅम्पल जास्त शिवावे लागते, पण पीपी मीटिंगमधला वाद वाचतो. तसेच प्लॅकेटची रुंदी आणि बँडची उंची सहसा वाढवायची नसते, आणि खिसा दोन-तीन गटांत बदलतो. या गोष्टी स्पेकवर तुटकपणे लिहिलेल्या असतात. तिथे अंदाज न करता मी विचारतो. मर्चंडायझरना सुरुवातीला याचा कंटाळा येतो, नंतर तेच स्वतःहून शीट घेऊन येतात.

धुलाईच्या मालाला श्रिंकेज देण्यात एक चूक मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. कापड ८ टक्के आटते म्हणून पॅटर्नला ८ टक्के वाढ दिली जाते. ३२ इंचाच्या इनसीमला अशी वाढ दिली तर धुतल्यावर ३१.८ इंच भरते. ३२ भागिले ०.९२ केले की ३४.७८ येते आणि माप बरोबर उतरते. टॉलरन्सचा एवढा भाग पॅटर्ननेच खाल्ला, तर शिवणाऱ्याच्या हाताला काय उरणार? डेनिममध्ये मी रोलचे ब्लँकेट धुऊन घेतो, श्रिंकेजचे गट पाडतो आणि गटागटाचा वेगळा पॅटर्न वेगळ्या रंगाच्या कागदावर देतो. रंग वेगळा असला की कटिंग टेबलावर सरमिसळ होत नाही.

आता मार्कर.

आधीच्या कारखान्यात १८,००० पूर्ण बाहीच्या पॉपलिन शर्टांची ऑर्डर होती. प्रमाण एस १, एम २, एल २, एक्सएल १. ऑटो मार्करने ८४.२ टक्के एफिशिएन्सी दिली, ॲव्हरेज १.५६ मीटर आले. मी तोच मार्कर हाताने पुन्हा लावला. एसचा पुढा एक्सएलच्या पाठीशी जोडला, कफ आणि कॉलरचे तुकडे आर्महोलच्या खोलगट जागेत बसवले, बाह्या उलटसुलट फिरवल्या. प्रिंटला दिशा नव्हती आणि बायरने टू-वे मार्कर मान्य केला होता, म्हणून हे करता आले. ८६.२ टक्के मिळाले, ॲव्हरेज १.५२४ वर आले. पूर्ण ऑर्डरवर ६०० मीटरहून जास्त कापड वाचले. शर्टाच्या खर्चात सर्वात मोठा वाटा कापडाचाच असतो, त्यामुळे याचा हिशेब आपल्याला मी समजावण्याची गरज नाही.

टक्का वाढवण्यासाठी ग्रेन मात्र वाकवत नाही. आतल्या लहान तुकड्यांना बायरची परवानगी असेल तर एखाद-दुसरा अंश देतो. पुढा आणि पाठ सरळ म्हणजे सरळ. पडद्यावर अर्धा टक्का कमावून धुतल्यावर प्लॅकेट पिळला गेला, तर ती कमाई नव्हे.

पडद्यावरचा टक्का आणि टेबलावरचा टक्का यांत अंतर असतेच. ले टाकताना दोन्ही टोकांना जाणारे कापड, रोलच्या जोडावरचा ओव्हरलॅप, उरलेले एंड बिट, हे सगळे मार्करबाहेर जाते. म्हणून मी मार्करवर स्प्लाइसच्या खुणा छापतो आणि ले प्लॅन कटिंग इन्चार्जबरोबर बसूनच करतो. रुंदीचे तर नेहमीचेच. कॉस्टिंग ५८ इंचावर झालेले असते आणि रोल येतात ५६.५, ५७, ५७.५ असे मिसळून. सगळ्यात अरुंद रोल धरून एकच मार्कर लावला तर रुंद रोलची कड फुकट जाते. मी कापड आत येताच रुंदीचे गट मागून घेतो आणि गटवार मार्कर देतो. इन्स्पेक्शन खात्याने प्रत्येक रोलची कटेबल रुंदी लिहून दिली तरच हे शक्य होते, म्हणून नोकरी मिळाल्यास पहिली मागणी हीच असेल.

चेक्स आणि पट्ट्यांच्या मालात टक्का पडणार हे मर्चंडायझरना कॉस्टिंगच्या वेळीच सांगतो. रिपीट मोजून मिनी मार्कर लावून देतो, म्हणजे नंतर कापड कमी पडल्याची बोंब होत नाही. खिसा पुढ्याशी, पुढे एकमेकांशी, योक दोन्ही बाजूंना सारखा, असे जुळणीचे बिंदू पॅटर्नवरच देतो. खिसा, योक, कफ यांना ब्लॉक ठेवून पिन टेबलावर रीकट करायला लावतो.

संगणकावर ॲक्युमार्कमध्ये रूल टेबल, मॉडेल, ले लिमिट्स, ॲनोटेशन, ऑर्डर ते मार्कर हे सगळे स्वतः करतो. लेक्ट्राचे मोडारिस आणि डायमिनो चालवले आहे. जुने कागदी पॅटर्न डिजिटायझरवर घेता येतात. बायरने पाठवलेली डीएक्सएफ फाइल उघडल्यावर युनिट आणि नॉच तपासल्याशिवाय पुढे जात नाही, कारण इंच-सेंटिमीटरचा घोळ तिथेच होतो. थ्रीडी सॉफ्टवेअरवर मी काम केलेले नाही, शिकण्याची तयारी आहे. होजिअरीचा अनुभव टी-शर्ट व पोलोपुरता आहे, इनरवेअर केलेले नाही. आपला माल मुख्यतः वोव्हन असल्याने यात अडचण येईल असे वाटत नाही.

हाताखाली दोन-तीन मुले घेऊन काम करण्याची सवय आहे. कॅडवर बसणाऱ्या मुलाने आठवड्यातून थोडा वेळ तरी कटिंग टेबलावर उभे राहावे असे माझे मत आहे. स्ट्रेट नाइफ अरुंद कोपऱ्यात कसा वळतो हे पाहिलेले नसले की तो मार्करमध्ये तुकड्यांना जागाच सोडत नाही.

माझी एक विनंती आहे. मुलाखतीच्या वेळी आपला कोणताही एक चालू टेक पॅक आणि बेस पॅटर्न माझ्यासमोर ठेवावा. एका शिफ्टमध्ये पूर्ण साइजचे ग्रेडिंग, जोड्यांचा तक्ता आणि एक मार्कर करून देतो. आपल्या सध्याच्या मार्करशी तो ताडून पाहावा आणि मग पगाराचे बोलू. माझी अपेक्षा दरमहा ४२,००० रुपये, पीएफ नियमाप्रमाणे. फलटणहून रोज ये-जा करीन, शिपमेंटच्या दिवसांत उशिरापर्यंत थांबण्यास अडचण नाही. सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल.

सोबत बायोडेटा, आयटीआयचे प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले आणि माझ्या ग्रेडिंगच्या एका साइज सेटची व दोन मार्करची छोटी प्रिंट जोडली आहे. प्रिंटवरून बायरचे नाव व स्टाइल नंबर काढून टाकले आहेत. फोन नंबर बायोडेटावर आहे. दुपारी एक ते दोन किंवा संध्याकाळी सहानंतर फोन केल्यास लगेच बोलता येईल. गुरुवारी मला साप्ताहिक सुट्टी असते, त्या दिवशी मुलाखतीला केव्हाही येऊ शकतो.

आपला विश्वासू,
सुनील बबन जगताप