दुसऱ्या मजल्यावर, वहिनींना आणि सुरेशरावांना

सौ. वैशालीवहिनी आणि सुरेशराव यांना,
स. न. वि. वि.

परवा रात्री पेढे घेऊन आलात तेव्हा आमच्याकडे पाहुणे होते. मी दारातच "अभिनंदन, अभिनंदन" असं दोनदा म्हणालो, पेढा तोंडात टाकला आणि तुम्ही तिसऱ्या मजल्याकडे वळलात. प्राजक्ता राज्यसेवेच्या यादीत आली आणि खालच्या काकांनी एवढ्यावर भागवलं, हे मला बरं वाटेना. समोरासमोर बोलायला गेलो की माझं हमखास काहीतरी भलतंच बाहेर पडतं, हे तुम्हाला अनुभवाने माहीत आहे. म्हणून हे पत्र.

प्राजक्ताचं मनापासून अभिनंदन. तिच्याशी मी वेगळा बोलेनच. पण हे पत्र तुम्हा दोघांना आहे.

ही परीक्षा काय असते ते मला तुमच्या घरामुळे कळलं. बँकेत पस्तीस वर्षं काढली, खात्यांतर्गत परीक्षा दिल्या, तेव्हा वाटायचं परीक्षा म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. पूर्व, मग मुख्य, मग मुलाखत, आणि एका पायरीवर पाय घसरला की पुन्हा तळापासून. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पूर्वपरीक्षेतच थांबली. पुढच्या खेपेला मुलाखतीपर्यंत पोहोचली आणि यादीत नाव नव्हतं. त्या दिवशी तुमच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या नेहमीच्या वेळेला ऐकू आल्या. आमची ही म्हणाली, "वैशालीने आजही वेळेवर वरण लावलं." तिला जे म्हणायचं होतं ते मला जरा उशिराच कळलं.

आणि तारखा! २०२४ ची पूर्वपरीक्षा आधी २८ एप्रिलला होती. मग जुलै, मग २५ ऑगस्ट. २५ ऑगस्टला बँकेचीही परीक्षा आली म्हणून मुलं शास्त्री रस्त्यावर रात्रभर बसली. प्राजक्ता तिथे होती, आणि वहिनी, तुम्ही गॅलरीत. मी एक वाजता पाणी प्यायला उठलो तेव्हाही होतात, तीनला उठलो तेव्हाही. अखेर १ डिसेंबरला पेपर झाला. अभ्यास करणाऱ्याला निदान पुस्तक तरी असतं हातात. गॅलरीतल्या माणसाने काय धरायचं?

या सगळ्या काळात बिल्डिंगमध्ये लोक तुम्हाला काय काय विचारत होते ते मी जिन्यात ऐकलंय. "अजून चालूच का?" "वय किती झालं हो तिचं?" संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने तर स्थळाचा फोटो मोबाइलवर आणला होता, असं ही सांगत होती. तुमचं उत्तर दरवेळी तेच: "ती अभ्यास करतेय." आवाज चढवला नाहीत, रडगाणं लावलं नाहीत, आणि तिच्या वतीने माफीही मागितली नाहीत. सुरेशरावांनी तर पहिल्या पाळीची बस काढायला पहाटे साडेतीनला उठायचं आणि दुपारी परत आल्यावर तिच्या गाडीत पेट्रोल आहे का ते बघायचं, यापलीकडे एक अक्षर कुणाला सांगितलं नाही. अभिनंदन करायचं आहे ते याचं.

आता ज्या गोष्टीमुळे दोन रात्री नीट झोप नाही, ती लिहून टाकतो.

२०२३ च्या मे महिन्यात खालच्या फळ्यावर सूचना लागली होती: "जिन्यातील दिवा रात्री ११ नंतर बंद करावा. वीज सोसायटीच्या पैशांची आहे, हे सुज्ञांस सांगणे न लगे." खाली खजिनदार म्हणून माझी सही. जिन्यात कोण बसतं हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. चांगलं माहीत होतं. सुरेशराव लवकर उठतात म्हणून तुमच्याकडे नऊला दिवे जातात, आजी हॉलमध्ये झोपतात, मग ती मुलगी बसणार कुठे, हा विचार तेवढा केला नाही. वाक्य मात्र मोठ्या कौतुकाने रचलं होतं. पुण्यात राहून पाटी लिहिता येते याचा आनंद काही औरच असतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खाली आलात. वाद नाही, काही नाही. "काका, जूनपासून दर महिन्याला पन्नास रुपये जास्तीचे घ्या, दिवा चालू राहू दे," म्हणालात. आणि मी घेतले! नुसते घेतले नाहीत, दर महिन्याला पावतीही फाडली. जून २०२३ ते नोव्हेंबर २०२४, अठरा पावत्या. डिसेंबरपासून तिला नव्या पेठेतल्या अभ्यासिकेत रात्रीची जागा मिळाली आणि हिशेब बंद झाला.

परवा तुम्ही गेल्यावर मी जिन्यातला तो दिवा उतरवून बघितला. नऊ वॉटचा आहे. रात्री पाच तास धरले तर महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. युनिटला बारा रुपये लावले तरी सोळा-सतरा रुपये. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे तपासणाऱ्या माणसाने हा हिशेब तीन वर्षांपूर्वी करायला हवा होता. तुम्ही केला असणार, याची मला खात्री आहे. तरी काही बोलला नाहीत.

पुढचं थोडक्यात. सत्काराचं कमिटीत चाललंय. शाल, नारळ, आणि तिसऱ्या मजल्यावरचे भाषण करणार आहेत, चाळीस मिनिटं तरी. प्राजक्ताला नको असेल तर मला नुसती मान हलवून सांगा, मी निधी नाही म्हणून अडवतो. "पोस्ट कोणती?" असं मी विचारणार नाही. गुणवत्ता यादीनंतर पसंतीक्रम भरायचे असतात, मग शिफारस होते, हे मी वाचून घेतलंय आणि पार्किंगमध्ये जमलेल्यांनाही समजावलंय. तरी एकाने कालच मुळशीच्या जमिनीचा सातबारा काढून ठेवलाय, "आता आपलीच पोरगी तहसीलदार" म्हणत. त्यांच्याशी मी बोलतो. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. कागदपत्रांच्या प्रती काढणं, फाइल लावणं असलं काही असेल तर मात्र मला हक्काने हाक मारा. या कामात मी खरंच चांगला आहे.

सोबतच्या पाकिटात नऊशे एक रुपये आहेत. नऊशे त्या अठरा महिन्यांचे, माझ्या खिशातले, सोसायटीच्या खात्याला हात लावलेला नाही. वरचा रुपया प्राजक्ताला आमच्या दोघांकडून. ती "नको काका" म्हणेल, पण तुम्ही घ्यायला लावा.

याची पावती नको.

आपला,
अरविंदकाका, तळमजला

ता. क. फळ्यावरची सूचना काल काढली. खिळा तेवढा राहिलाय, निघत नाहीये.