मेसमधील पातळ दही आणि पाणी घातलेले दूध यांबाबत

सांगली
१९ जानेवारी २०२६

प्रति,
मेस कंत्राटदार,
मुलांचे वसतिगृह

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

भोगीच्या दिवशी तुम्ही दिलेली तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी अजून पोरांच्या तोंडी आहे. तिसऱ्यांदा भाजी मागणाऱ्यालाही कोणी नाही म्हटलं नाही. तुमच्या हाताला चव आहे आणि मनात आलं तर तुम्ही हात आखडता घेत नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच दुधा-दह्याचं जे चाललंय ते जास्त खुपतं.

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे बुधवारी संक्रांतीला, वाटीत जे आलं त्याला दही म्हणायला जीभ वळत नव्हती. वाटी कलती केली की पाणी एका बाजूला आणि पांढरे कण दुसऱ्या बाजूला. मी वाढप्याला विचारलं तर तो म्हणाला, "थंडीमुळं दही लागत नाही." थंडीत विरजण उशिरा लागतं हे खरं आहे. पण नीट न लागलेलं दही अधमुरं राहतं, गोडसर आणि गुळगुळीत लागतं. आपलं दही चांगलं आंबट होतं. म्हणजे ते लागलं होतं आणि पाणी नंतर पडलं. शिवाय त्याच सकाळी अकराच्या सुमारास मी स्वयंपाकघरात आलो होतो तेव्हा दह्याचे दोन डबे भरलेले पाहिले होते. फार घट्ट नव्हतं, पण पळी घातली तर कवडी निघत होती. साडेबाराला वाढपाच्या टेबलावर तेच दही तीन डब्यांत होतं. दही घुसळलं की पातळ दिसतं हे मान्य, पण घुसळून दोनाचे तीन डबे होत नाहीत.

आता दुधाचं. करारात सकाळी माणशी २०० मिली दूध लिहिलंय. आपण २०० जण आहोत, म्हणजे पिण्याच्या दुधाच्या पातेल्यात ४० लिटर दूध हवं. समितीच्या दोघांनी गेल्या आठवड्यात सकाळी थांबून पाहिलं, तर त्या पातेल्यासाठी एक लिटरच्या ३२ पिशव्या फुटल्या आणि पातेलं ४० लिटरच्या खुणेपर्यंत भरलं. राहिलेले आठ लिटर नळाचे. रिकाम्या पिशव्याही आम्ही मोजल्या, कचऱ्याच्या डब्यातूनच, त्यामुळे हिशेबात गफलत नाही.

तरीही नुसत्या पिशव्या मोजून कोणावर आळ घ्यायला नको, म्हणून प्रयोगशाळेतून दुग्धमापी आणला. न फोडलेल्या पिशवीतलं दूध आणि पातेल्यातलं साखर न घातलेलं दूध सारख्याच तापमानाला आणून मोजलं. पिशवीचं २९ आलं, पातेल्याचं २३. सहा अंकांचा फरक म्हणजे साधारण पाचवा हिस्सा पाणी, आणि ४० मध्ये आठ म्हणजेही पाचवा हिस्साच. दुग्धमापी एकटा सगळं सांगत नाही हे मला माहीत आहे. साय काढली की आकडा वर जातो, पावडर टाकली तरी जातो. पण इथे पिशव्यांचा हिशेब आणि मापाचा आकडा एकच गोष्ट सांगताहेत. (यावर उपाय म्हणून उद्यापासून पावडर टाकू नका. तेही कळतं, आणि चवीवरून आधी कळतं.)

पाणी घातलेल्या दुधाचं दही घट्ट होणं मुळातच अवघड. तुम्ही आणता त्या पिशवीवर स्निग्धांश ३ टक्के आणि स्निग्धेतर घटक ८.५ टक्के लिहिलेत. पाचवा हिस्सा पाणी पडलं की ८.५ चे ६.८ होतात. दह्याला धरून ठेवणारी प्रथिनं या स्निग्धेतर घटकांतच असतात. ती विरळ झाली की दही सैल लागतं आणि पाणी सोडतं, मग कितीही चांगलं विरजण घाला. आणि अशा सैल दह्यात तुमची माणसं वाढायच्या आधी पुन्हा पाणी ओततात. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे ज्या दुधाचं दही लावलं त्या दुधाला जेवढा स्निग्धांश आणि स्निग्धेतर घटक लागतात, तेवढे दह्यातही असावे लागतात. आपलं दही त्यात कुठे बसेल ते तुम्हीच पाहा.

एक गोष्ट मला पैशांपेक्षा गंभीर वाटते. पाणी पडतंय ते दूध उकळल्यानंतर, कोमट करायच्या निमित्तानं, आणि तेही गाळणीचं नव्हे, भांडी धुण्याच्या नळाचं. दह्यात तर उकळण्याचा प्रश्नच नाही. कोणाच्या पोटदुखीचा दोष मी आज तुमच्यावर टाकत नाही, तसं काही माझ्याकडे नाही. पण हे थांबलं नाही तर एक दिवस टाकावा लागेल.

तुमची अडचण आम्हाला कळत नाही असं नाही. महिन्याचा दर जूनमध्ये ३,६०० रुपये ठरला, आणि वर्षभर त्यातच भागवायचं. गॅस, तेल, माणसांचे पगार, सगळं त्याच पैशांत. पण दर परवडत नसेल तर तसं समितीपुढे सांगा. २०० ऐवजी १५० मिली दूध द्या, आम्ही मुलांना समजावू. दोनदा दही झेपत नसेल तर फक्त रविवारी द्या आणि बुधवारी जिरं-मीठ घालून ताक करा. ताक म्हणून दिलेलं ताक पोरं आवडीनं पितील. कमी मिळालं म्हणून कोणी भांडणार नाही, पण दुधाच्या नावानं पाणी प्यायला कोणी तयार नाही. इथली निम्मी मुलं वाळवा-शिराळ्याकडची, घरी म्हैस असलेली. त्यांना दुग्धमापी लागत नाही, पेला हातात घेतला की कळतं.

समितीत ठरलेलं असं आहे. उद्यापासून पिशव्या सकाळी सहाला समितीच्या एका सदस्यासमोर फोडाव्यात आणि रिकाम्या पिशव्या नाश्ता संपेपर्यंत बाजूला ठेवाव्यात. उठायचं आम्हालाच आहे, त्यामुळे तुमच्या माणसांना त्रास नाही. दही रात्री न पातळ केलेल्या दुधाचंच लावावं, आणि या थंडीत डबे पोत्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवावेत. दूध हाताला सोसेल इतकं गरम असताना विरजण घातलं तर सकाळपर्यंत लागतं. लागलेल्या डब्यात कोणी पाणी घालायचं नाही आणि वाढताना डावानं सरळ कवडी काढून वाढायची. वाढप्याला यावरून बोलू नका, तो सांगितलेलं करतो.

या महिन्यात दुधाचे जे लिटर कमी आले त्यांचा हिशेब मी वेगळा लिहिला आहे. तो दंड म्हणून नको, फेब्रुवारीच्या बिलात वजा करून द्या, किंवा एका रविवारी श्रीखंड द्या. पोरांचं मत श्रीखंडाकडे आहे, पण चक्का तुमच्या नेहमीच्या दह्याचा नको.

शुक्रवारी, २३ तारखेला, रात्रीच्या जेवणानंतर साडेनऊला समितीची बैठक मेसमध्येच आहे. तुम्ही स्वतः या, मुकादमाला पाठवू नका. पिशव्यांचा हिशेब आणि दुग्धमापी दोन्ही घेऊन मी असेन. तुम्हाला मोजून पाहायचं असेल तर त्याच वेळी मोजू. त्या बैठकीतही काही ठरलं नाही, तर हे पत्र अधीक्षकांकडे आणि तिथून अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावं लागेल. ती वेळ येऊ नये, असं मनापासून वाटतं.

कळावे,
आपला,
अनिकेत
सदस्य, मेस समिती (दूध व नाश्ता)

प्रत : वसतिगृह अधीक्षक, माहितीसाठी
सोबत : पिशव्यांची नोंद व दुग्धमापीचे आकडे, एक पान